मोजलेला माल शीटमध्ये ‘सापडत नाही’ तेव्हा: सिस्टिम स्टॉक आणि प्रत्यक्ष मोजणी जुळवताना येणाऱ्या चुका

मार्चअखेरीस व्यापाऱ्यांच्या गोडाऊनमधील साठ्याची मोजणी करून ती सॉफ्टवेअरमधील शिलकीशी ताडून पाहण्याचे काम मी गेली काही वर्षे करत आहे. दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या शीटमध्ये तोच बिघाड निघतो, म्हणून तो शोधण्याचा माझा क्रम येथे लिहून ठेवतो. उदाहरण भोसरीतील एका हार्डवेअर व्यापाऱ्याच्या गोडाऊनचे आहे. सॉफ्टवेअरप्रमाणे तेथे १८,४६० नग असायला हवे होते, आणि शीट मात्र १५,८१२ नगच दाखवत होती. २,६४८ नगांची तूट पाहून मालकांनी गोडाऊन सांभाळणाऱ्या मुलाला बोलावणे धाडले होते. प्रत्यक्षात त्या तुटीचा फार मोठा भाग गोडाऊनमध्ये नव्हे, फॉर्म्युल्यामध्ये होता.

शीटची रचना साधी होती. `System` या शीटमध्ये A कॉलमला आयटम कोड, B ला नाव, C ला सॉफ्टवेअरमधील नग, E ला मोजलेले नग आणि F ला फरक. `Count` या शीटमध्ये A ला कोड, B ला रॅक क्रमांक आणि C ला त्या रॅकवर मोजलेले नग. E कॉलममधील फॉर्म्युला असा होता:

```
=IFERROR(VLOOKUP(A2,Count!$A$2:$C$700,3,FALSE),0)
```

लक्षणे

हा बिघाड तीन रूपांत दिसतो. पहिले रूप सर्वांच्या परिचयाचे आहे: आयटम दोन्ही शीटमध्ये डोळ्यांना स्पष्ट दिसतो, तरीही उत्तर `#N/A` येते. दुसरे रूप अधिक फसवे आहे, कारण त्यात आकडा येतो, पण तो भलत्याच आयटमचा असतो किंवा अपुरा असतो. तिसऱ्या रूपात एकेक ओळ पाहिली तर सारे ठीक वाटते, मात्र कॉलमची बेरीज मोजणीच्या कागदांवरील एकूण नगांशी जुळत नाही.

वरच्या फॉर्म्युल्यात `IFERROR` ने पहिले लक्षण दुसऱ्यात बदलून टाकले होते. ‘कोड सापडला नाही’ आणि ‘आयटम मोजला, पण एकही नग नव्हता’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्रुटीच्या जागी शून्य लिहिले की दोन्ही सारख्याच दिसू लागतात. शीट देखणी व्हावी म्हणून लोक हे करतात. शोध सुरू करण्यापूर्वी फाइलची प्रत काढावी आणि त्या प्रतीतून `IFERROR` आधी काढून टाकावा.

पहिली तपासणी: दोन बेरजा

याला दोन मिनिटे लागतात आणि पुढची प्रत्येक दुरुस्ती याच बेरजांवर पारखायची असते. `Count` मधील C कॉलमची बेरीज आणि `System` मधील E कॉलमची बेरीज शेजारी शेजारी मांडावी. E कॉलममध्ये `#N/A` असताना `SUM` ही `#N/A` च देते, म्हणून तेथे `=SUMIF(E2:E641,">0")` वापरावे. आमच्या उदाहरणात `Count` ची बेरीज १८,२१२ होती आणि E कॉलमची, शून्ये धरून, १५,८१२. म्हणजे मोजून कागदावर उतरवलेले २,४०० नग फॉर्म्युल्याने उचललेच नव्हते. मालकांना तेथेच सांगता आले की आत्ता कोणालाही जाब विचारू नये.

याच वेळी `Count` च्या C कॉलमवर, मथळ्याची ओळ वगळून, `COUNT` आणि `COUNTA` ही दोन्ही फंक्शने चालवून पाहावीत. पहिले फक्त संख्या मोजते, दुसरे कोणतीही भरलेली सेल. दोघांची उत्तरे वेगळी आली, तर कोणीतरी ‘२५ नग’ असे अक्षरांसह टाइप केले आहे आणि `SUM` ने ती सेल मुकाट्याने सोडून दिली आहे, असे समजावे. अशा वेळी आपण ज्या बेरजेवर विसंबणार, तीच चुकीची असते.

दुसरी तपासणी: फॉर्म्युल्याची लिहिण्यातली चूक

येथे फार वेळ घालवू नये, पण पाहिल्याशिवाय पुढेही जाऊ नये. `VLOOKUP` चे चौथे पद `FALSE` आहे ना ते पाहावे. ते लिहिलेच नाही, तर एक्सेल यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे गृहीत धरते आणि जवळचा लहान कोड पकडून त्याचे नग देते. रॅकच्या क्रमाने उतरवलेली मोजणी कधीच तशी लावलेली नसते. दुसरे म्हणजे डॉलरची चिन्हे. ती नसतील, तर फॉर्म्युला खाली ओढताना शोधण्याची कक्षाही खाली सरकत जाते. वरच्या ओळी बरोबर आणि खाली जावे तसे `#N/A` वाढत गेलेले दिसले, तर कारण हेच असते. खाली ओढल्यावर सर्व ओळींत एकच आकडा दिसत असेल, तर गणना मॅन्युअलवर ठेवलेली असू शकते. F9 दाबून पाहावे.

आमच्या शीटमध्ये ही दोन्ही पदे ठीक होती.

तिसरी तपासणी: कोड दिसतो तसाच आहे का

`IFERROR` काढल्यावर पंचवीसहून अधिक ओळींत `#N/A` उघड झाले. अशी एक ओळ निवडून तिचा कोड `Count` मधील त्याच कोडशी थेट ताडून पाहावा. समजा `System` मध्ये तो ३८ व्या ओळीत आणि `Count` मध्ये ११२ व्या ओळीत आहे, तर कोणत्याही रिकाम्या सेलमध्ये लिहावे:

```
=A38=Count!A112
```

उत्तर `FALSE` आले की एक्सेलच्या दृष्टीने ते दोन कोड वेगळे आहेत हे ठरले. आता फक्त कशात वेगळे आहेत ते शोधायचे. दोन्हींवर `ISNUMBER` लावले, तर एक संख्या आणि दुसरा मजकूर आहे का ते कळते. वेल्डिंग रॉडचा कोड 4071 सॉफ्टवेअरमधून मजकूर म्हणून निर्यात झाला होता, आणि मोजणी उतरवणाऱ्याने तो टाइप करताच एक्सेलने त्याची संख्या केली होती. डोळ्यांना दोन्ही सारखे, `VLOOKUP` ला मात्र एकमेकांशी संबंध नसलेले. दोन्ही मजकूरच असतील, तर `LEN` लावावे. चार अक्षरांच्या कोडची लांबी पाच आली, तर शेवटी एक रिकामी जागा चिकटली आहे. निर्यात केलेल्या फायलींत ही जागा पुष्कळदा साधी नसून वेब पानांवर वापरली जाणारी न तुटणारी जागा असते, आणि ती एकट्या `TRIM` ने निघत नाही. म्हणून रिकाम्या कॉलममध्ये हा फॉर्म्युला दोन्ही शीटवर चालवावा:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," "))
```

याचे उत्तर नेहमी मजकूरच असते, त्यामुळे रिकाम्या जागा आणि संख्या-मजकूर हे दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. मग तो कॉलम कॉपी करून A कॉलमवर ‘पेस्ट स्पेशल’मधील ‘व्हॅल्यूज’ने चिकटवावा. केवळ A कॉलमचे फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करून काही होत नाही, कारण आधी भरलेली संख्या पुन्हा टाइप करेपर्यंत संख्याच राहते. लोक नेमके येथेच अडकतात: ‘फॉरमॅट तर बदलले, तरी येत नाही.’

एक गोष्ट मात्र या सफाईने परत येत नाही. 0407 असा कोड टाइप करताच एक्सेलने सुरुवातीचे शून्य टाकून दिले असेल, तर साफ केल्यावरही 407 च मिळतो. मोजणी उतरवण्याआधी कॉलम ‘टेक्स्ट’ केला असता तर हे घडले नसते. आता असे कोड पुढे पाचव्या तपासणीत हातानेच पकडावे लागतात.

आमच्याकडे या सफाईने २३ ओळी जागेवर आल्या आणि E कॉलमची बेरीज १७,२५२ झाली. एकूण १,४४० नग केवळ टाइप करण्याच्या पद्धतीमुळे हरवलेले होते.

चौथी तपासणी: एकच आयटम दोन रॅकवर

उरलेल्या ९६० नगांचा मोठा भाग असा होता की त्यांच्या ओळींत कोणतीही त्रुटी दिसत नव्हती. `VLOOKUP` वरून खाली शोधत जाते आणि पहिला कोड सापडताच थांबते. एकच बोल्ट रॅक ४ वर आणि जागा संपली म्हणून रॅक ११ वरही ठेवलेला असेल, तर मोजणीत त्याच्या दोन ओळी होतात आणि दुसरी ओळ कोणी वाचतच नाही. एक्सेल २०२१ पासून आलेले `XLOOKUP` यातही तसेच वागते, त्यामुळे ‘नवे फंक्शन वापरा’ हा सल्ला येथे उपयोगाचा नाही. साठ्याची मोजणी जुळवताना शोधायचे नसते, बेरीज करायची असते:

```
=SUMIFS(Count!$C$2:$C$700,Count!$A$2:$A$700,A2)
```

चार आयटम दोन-दोन रॅकवर होते आणि त्यांच्या दुसऱ्या ओळींचे नग ७२० भरले. म्हणून बेरीज १७,९७२ यायला हवी होती. ती १८,१५२ आली. म्हणजे १८० नग जास्त. दुरुस्तीनंतर आकडा अपेक्षेपेक्षा पुढे जावा, याचा अर्थ एखादी ओळ दोनदा धरली जात आहे.

नट-बोल्टच्या धंद्यात हे ठरलेले आहे. बोल्टचे माप व्यास आणि लांबी असे लिहितात आणि पुष्कळ ठिकाणी मध्ये गुणाकाराचे चिन्ह म्हणून तारा टाकतात: `M8*25`, `M8*125`. पण शोधण्याच्या आणि अटींच्या फंक्शनांत ताऱ्याचा अर्थ ‘येथे काहीही असले तरी चालेल’ असा होतो. त्यामुळे `M8*25` म्हणजे M8 ने सुरू होणारे आणि 25 ने संपणारे काहीही. त्यात `M8*125` आपसूक बसतो. त्या लांब बोल्टचे १८० नग त्याच्या स्वतःच्या ओळीतही धरले गेले आणि `M8*25` च्या ओळीतही. गंमत अशी की जुना `VLOOKUP` या ओळीत बरोबर उत्तर देत होता, ते केवळ `M8*25` मोजणीच्या यादीत आधी आला म्हणून. रॅकचा क्रम उलटा असता, तर त्याने लांब बोल्टचे १८० नग लहान बोल्टच्या नावावर टाकले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता. प्रश्नचिन्हाचेही असेच आहे. ते कोणत्याही एका अक्षराची जागा घेते.

कोडमधील ताऱ्याआधी `~` लावून हे टाळता येते, परंतु `SUMIFS` ची आणखी एक खोड आहे: ते 0407 हा मजकूर आणि 407 ही संख्या एकच मानते, आणि काही याद्यांत हे दोन वेगळे आयटम असतात. म्हणून अलीकडे मी या कामासाठी सरळ तुलना करणारा फॉर्म्युला वापरतो:

```
=SUMPRODUCT((Count!$A$2:$A$700=A2)*Count!$C$2:$C$700)
```

येथे बरोबरचे चिन्ह ताऱ्याला ताराच मानते आणि इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सोडला, तर कोड जसाच्या तसा असेल तरच धरते. नगांच्या कॉलममध्ये चुकून अक्षरे शिरली असतील, तर `#VALUE!` देऊन तो तक्रारही करतो. `SUMIFS` त्या सेलकडे दुर्लक्ष करून पुढे जाते. हजारो ओळींच्या शीटमध्ये मात्र हा फॉर्म्युला मंद चालतो, त्यामुळे कक्षा गरजेपुरतीच ठेवावी. पूर्ण कॉलम देऊ नये, कारण मथळ्याच्या ओळीतील अक्षरांमुळेही `#VALUE!` येईल. हा फॉर्म्युला भरल्यावर बेरीज १७,९७२ वर आली.

पाचवी तपासणी: उलट बाजूने पाहणे

अजून २४० नग `Count` मध्ये होते, पण `System` मध्ये पोहोचत नव्हते. आतापर्यंतचे सारे प्रश्न सॉफ्टवेअरच्या यादीकडून मोजणीकडे जाणारे होते. जो कोड सॉफ्टवेअरच्या यादीतच नाही, त्याविषयी ही दिशा काहीच विचारत नाही. म्हणून `Count` मध्ये D कॉलमला लिहावे:

```
=SUMPRODUCT(--(System!$A$2:$A$641=A2))
```

उत्तर ० आले, तर तो कोड सॉफ्टवेअरच्या यादीत नाही. उत्तर २ किंवा अधिक आले, तर तो आयटम सॉफ्टवेअरमध्ये दोनदा उघडलेला आहे आणि त्याचे मोजलेले नगही दोनदा धरले जात आहेत. आमच्याकडे दोन ओळींत ० आले. पहिली `10X50`, २०० नगांची. मोजणाऱ्याने सुरुवातीचा M गाळून ताऱ्याऐवजी X लिहिला होता, आणि `System` मध्ये `M10*50` समोर २०० ची तूट उभी होती. कोड दुरुस्त करताच दोन्ही मिटले. दुसरी ओळ ४० नगांच्या एका नव्या आयटमची होती. तिच्याकडे पुढे येतो.

हाच फॉर्म्युला `System` कडून `Count` वरही चालवावा आणि त्यासाठी G कॉलम ठेवावा. तेथे ० म्हणजे तो आयटम कोणी मोजलाच नाही. त्याला तूट म्हणू नये. गोडाऊनमध्ये पुन्हा जाऊन पाहावे आणि खरोखर काही नसेल तर `Count` मध्ये ० नगांची ओळ लिहावी.

आता F कॉलममध्ये `=E2-C2` लिहून फिल्टर लावावा आणि ० वरची खूण काढावी. उरते ती तफावतीची यादी. तारेसारखा किलोवर मोजला जाणारा माल असेल, तर वजाबाकी `ROUND` मध्ये घालून तीन दशांशांपर्यंत आणावी, नाहीतर शून्य दिसणाऱ्या ओळीही यादीत येत राहतात.

सहावी तपासणी: फॉर्म्युला बरोबर, फरक तरीही आहे

कोड दुरुस्त झाल्यावर यादीतील आयटमची तूट २८८ राहिली आणि ४० नग यादीबाहेरचे. येथून पुढे शीटला विचारून उपयोग नसतो; चलने आणि बिले समोर घेऊन बसावे लागते, म्हणून ही तपासणी शेवटी.

सर्वात मोठी ओळ वॉशरची होती: सॉफ्टवेअरमध्ये २००, मोजणीत २. मोजणाऱ्याने शंभर-शंभरच्या दोन सीलबंद पेट्या पाहून २ लिहिले होते. फरकाचा आकडा शंभर, बारा किंवा पेटीतील नगांशी संबंधित दिसला, की आधी एकक विचारावे. या १९८ नगांनंतर ९० नगांची तूट उरली. त्यापैकी ६० नग ३१ मार्चच्या संध्याकाळी चलनावर गेले होते आणि त्यांचे बिल २ एप्रिलला झाले. माल गेला, सॉफ्टवेअरला अजून माहीत नाही. यादीबाहेरचे ४० नग याच्या उलट: माल ३१ ला उतरला, खरेदीची नोंद राहिली. मोजणी कोणत्या वेळी सुरू झाली आणि त्या वेळेपर्यंतचे शेवटचे आवक व जावक चलन कोणते, हे मोजणीच्या कागदावर लिहिलेले असेल तर हे शोधायला दहा मिनिटे लागतात. लिहिलेले नसेल, तर कधी कधी दोन दिवस जातात.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

उरलेल्या ३० नगांसाठी तीन आयटम दुसऱ्या माणसाकडून, आधीचा आकडा न दाखवता, पुन्हा मोजून घेतले. आकडे तेच आले. येथे शीट चालवणाऱ्याचे काम संपते. फरक शून्य करण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच समायोजनाची नोंद टाकू नये. हरवलेल्या, चोरीस गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा निर्लेखित केलेल्या मालावर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. घेतले असेल तर उलटवावे लागते. त्यामुळे तुटीची नोंद कशी आणि कोणत्या तारखेची करायची, हे सीएनीच ठरवावे. नग थोडे असले तरी माल महागडा असेल, तर मालकांना त्याच दिवशी सांगावे.

सॉफ्टवेअरमधून निर्यात केलेल्या फाइलची बेरीज सॉफ्टवेअरच्याच पडद्यावरील साठ्याच्या अहवालाशी जुळत नसेल किंवा काही आयटमची शिल्लक उणे दाखवली जात असेल, तर वरच्या कोणत्याही तपासणीला हात लावू नये. उणे शिल्लक बहुतेक वेळा खरेदीची नोंद होण्याआधी विक्रीची नोंद झाल्याने येते, आणि ती शीटमध्ये दुरुस्त होत नाही. सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसाकडून किंवा हिशेबनिसांकडून नोंदी सरळ करून घ्याव्यात आणि नव्याने निर्यात केलेल्या फाइलवर पहिल्या तपासणीपासून सुरुवात करावी. त्या गोडाऊनच्या सीएंकडे आम्ही तीन ओळींची यादी, फेरमोजणीचे सही केलेले कागद आणि ३१ मार्चच्या दोन्ही चलनांच्या प्रती एवढेच पाठवले.